अफ्रेड ऑफ, गुड ॲट, मॅरिड टू: ग्रुप कशावरून पाडायचे?

प्रश्न: मॅडम, अफ्रेड ऑफ, गुड ॲट, मॅरिड टू असल्या जोड्यांची मोठी लिस्ट डाउनलोड केलीय. रोज दहा पाठ करतो, पण बोलताना हमखास 'अफ्रेड फ्रॉम'च तोंडातून निघतं. ग्रुप करून शिकलं की लक्षात राहतं म्हणतात, पण ग्रुप नेमके कशावरून करायचे? मराठी मीडियमवाला आहे, हडपसरला राहतो.

उत्तर:

ती लिस्ट आधी बाजूला ठेवा. अशा लिस्ट बहुतेक अल्फाबेटने लावलेल्या असतात, म्हणजे अफ्रेडच्या खाली अँग्री, त्याच्याखाली अशेम्ड, मग अवेअर, आणि या शेजाऱ्यांचा एकमेकांशी संबंध एवढाच की सगळे 'ए'ने सुरू होतात. त्यातून काही हाती लागत नाही.

दुसरी पद्धत बऱ्याच क्लासेसमधे चालते, ती म्हणजे प्रिपोझिशनचा कप्पा करायचा, 'ऑफ'खाली तीस शब्द, 'टू'खाली तीस शब्द. हे आधीच्यापेक्षा बरं आहे, पण यात एक मोठी अडचण आहे. बोलायला लागता तेव्हा तुमच्या हातात काय असतं? मनात मराठी वाक्य असतं, 'तो पाण्याला घाबरतो', आणि प्रिपोझिशन तर शोधायचंय. मग जे माहीतच नाही त्याच्या नावाचा कप्पा उघडणार कसा? तुमच्याकडे त्या क्षणी असतो तो फक्त मराठीतला शेवट, म्हणजे ला, ची, शी, वर, त. म्हणून मी मराठी मीडियमच्या मुलांना ग्रुप इथूनच पाडायला लावते. आधी मराठीतल्या शेवटाप्रमाणे ढीग करायचे, आणि मग प्रत्येक ढिगात दोन भाग, एक सरळ जाणाऱ्यांचा आणि एक फसवणाऱ्यांचा. सरळ जाणारे पाठ करायची गरजच नसते, मेहनत फक्त फसवणाऱ्यांवर करायची, आणि ते तुम्हाला वाटतात त्यापेक्षा खूपच कमी निघतात.

सुरुवात तुमच्याच शब्दापासून करू. 'फ्रॉम' येतं कुठून? मराठीत आपण 'कुत्र्याला घाबरतो' म्हणतो, त्यात 'पासून' कुठेच नाही. ते येतं हिंदीतून. ऑफिसात, रिक्षात, कॅन्टीनमधे आपण दिवसभर हिंदी बोलतो, आणि 'कुत्ते से डर लगता है' मधला 'से' थेट 'फ्रॉम' होऊन बसतो. ज्यांचं हिंदी कमी असतं ती मुलं 'अफ्रेड टू डॉग' म्हणतात, कारण त्यांच्याकडे 'ला' असतो. दोन्ही चुकतं, पण चुकायचं कारण वेगळं. आता तेच वाक्य मराठीतच जरा फिरवा, 'मला कुत्र्याची भीती वाटते'. 'घाबरणे' या क्रियापदाच्या जागी 'भीती' हे नाम आलं आणि 'ला'च्या जागी 'ची' आली. आणि चा-ची-चे म्हणजे इंग्रजीत बहुतेक वेळा 'ऑफ', हे तर आपल्याला पाचवीपासून माहितीय.

ही फिरवाफिरवी एका शब्दापुरती नाहीये, हीच गंमत आहे. मनातल्या भावना आणि जाणिवांचा जो गट आहे तो जवळजवळ पूर्ण यात बसतो. मुलाचा अभिमान, प्राउड ऑफ. वागण्याची लाज, अशेम्ड ऑफ. शेजाऱ्याचा हेवा, जेलस ऑफ. धोक्याची जाणीव, अवेअर ऑफ. गोडाची आवड, फॉन्ड ऑफ. उत्तराची खात्री, शुअर ऑफ. रोजच्या ट्रॅफिकचा कंटाळा, टायर्ड ऑफ. एवढं मोठं काम करायची क्षमता, केपेबल ऑफ. भीतीचं तर अख्खं घराणंच आहे, अफ्रेड, स्केअर्ड, टेरिफाइड, फ्राइटन्ड, सगळ्यांना 'ऑफ'. म्हणजे हे दहा-बारा शब्द वेगवेगळे पाठ करायचे नाहीतच, एकच सवय लावायची की मनात क्रियापद आलं तर ते नामात फिरवून बघायचं आणि 'ची' आली की 'ऑफ' लावायचं. पहिले काही दिवस बोलायच्या आधी एक सेकंद थांबावं लागतं, नंतर ते फिरवणं आपोआप गळून पडतं आणि 'अफ्रेड ऑफ' एकदमच येतं.

आता याच ढिगातले फसवणारे. मराठीत 'ची' आहे पण इंग्रजीत 'ऑफ' नाही असे शब्द मी तीन छोट्या गटांत ठेवते.

पहिला गट सवय, व्यसन, ॲलर्जी, आकर्षण. गर्दीची सवय, यूज्ड टू. मोबाइलचं व्यसन, ॲडिक्टेड टू. धुळीची ॲलर्जी, ॲलर्जिक टू. कुणाचं आकर्षण, अट्रॅक्टेड टू. चारही ठिकाणी माणूस एखाद्या गोष्टीला चिकटलाय, ओढला गेलाय किंवा त्याचं शरीर त्या गोष्टीला प्रतिसाद देतंय, आणि चौघांना 'टू'. हे चार एकत्र ठेवले की एकमेकांना धरून राहतात. इथे पुण्यात फार ऐकू येतं ते 'आय ॲम हॅबिच्युएटेड ऑफ धिस', ते सोडून द्या, साधं 'यूज्ड टू धिस' म्हणा. आणि यातलं 'टू' हे खरं प्रिपोझिशन आहे, त्यामुळे पुढे क्रिया आली की ती 'इंग'च घेते, 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट', 'वर्क' नाही.

दुसरा गट डोक्यात घोळणाऱ्या गोष्टींचा. मुलांची काळजी, वरीड अबाउट. निकालाची उत्सुकता, एक्सायटेड अबाउट. नव्या शेजाऱ्यांचं कुतूहल, क्यूरियस अबाउट. भीती आणि काळजी मराठीत अगदी शेजारी राहतात म्हणून 'वरीड ऑफ' सर्रास येतं, पण मी त्यातला फरक असा सांगते की भीतीला समोर एक ठरावीक वस्तू असते, कुत्रा, पाणी, अंधार, आणि काळजी एखाद्या विषयाभोवती फिरत राहते. 'अबाउट'चा जुना अर्थ 'भोवती'च आहे, त्यामुळे हे पटकन पटतं.

तिसरा गट जबाबदारी आणि वाट बघण्याचा. बिलिंगची जबाबदारी, रिस्पॉन्सिबल फॉर. बसची वाट बघणं, वेट फॉर. नोकरीच्या शोधात असणं, लुक फॉर. 'वेट' आणि 'लुक'च्या सोबत 'आस्क फॉर' आणि 'अप्लाय फॉर' पण बसवा, कारण चौघांत गोष्ट अजून हातात आलेली नाहीये, हवीय. रिस्पॉन्सिबल त्या अर्थात बसत नाही, त्याला नुसतंच सोबत ठेवा, उगाच ओढूनताणून लॉजिक लावू नका. लॉजिक जिथे खरोखर मदत करतं तिथेच ते वापरायचं, नाहीतर प्रिपोझिशनपेक्षा लॉजिकच पाठ करायची वेळ येते.

एक गळती सांगून ठेवते. टायर्ड ऑफ बरोबर, पण बोअर्डला पुस्तकी इंग्रजीत 'विथ' लागतं, आणि फेड अपला पण 'विथ'. 'बोअर्ड ऑफ' आता इंग्लंड-अमेरिकेतही लोक बोलतात, पण परीक्षेत 'विथ' लिहिलेलं बरं.

आता 'शी'. हा ढीग सगळ्यात जास्त फसवतो, कारण आपल्याला शाळेत 'शी म्हणजे विथ' असं शिकवलेलं असतं आणि ते अर्ध्या वेळी बरोबर येतं. त्याच्याशी सहमत, अग्री विथ. तिच्याशी भांडला, आर्ग्यू विथ. क्लायंटशी डील करणं, डील विथ. सिस्टिमशी परिचित, फमिलियर विथ. इथपर्यंत सगळं सुरळीत. मग येतं 'माझ्या बहिणीशी लग्न झालंय', आणि माणूस म्हणतो 'मॅरिड विथ माय सिस्टर'. बरोबर काय, मॅरिड टू. एंगेज्ड टू पण तसंच. कशाशी संबंधित, रिलेटेड टू. कशाशी मिळतंजुळतं, सिमिलर टू. कंपनीशी एकनिष्ठ, लॉयल टू. कशाशी जोडलेलं, अटॅच्ड टू. बघा, यात कुणी काही करत नाहीये. भांडणात, वादात, व्यवहारात दोन बाजू काहीतरी करतायत, तिथे 'विथ'. लग्न झालेलं असणं, नातं असणं, साम्य असणं ही जोड आहे, गाठ आहे, ती फक्त आहे, तिथे 'टू'. शी दिसला की स्वतःला एवढंच विचारायचं, इथे दोघं काही करतायत की नुसती गाठ आहे?

परिचित असणं ही पण काही क्रिया नाही, मग त्याला 'विथ' का, असं एका मुलाने वर्गात विचारलं होतं आणि प्रश्न अगदी रास्त आहे. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही. पण फसवणारे जे नेहमी चुकतात, मॅरिड, एंगेज्ड, रिलेटेड, सिमिलर, लॉयल, अटॅच्ड, ते सहाही तिने पकडले जातात, आणि आपल्याला नेमके तेच पकडायचेत. फमिलियर तर मराठीप्रमाणे गेलात तरी बरोबरच येतो.

'शी'मधेच एक वागणुकीचा गट आहे. ग्राहकाशी उद्धट वागला, रूड टू. आजींशी प्रेमाने वागला, काइंड टू. नाइस, पोलाइट, क्रूएल हे पण 'टू'. मात्र मुलांशी कडक, स्ट्रिक्ट विथ, पेशंटशी धीराने, पेशंट विथ, आणि कुणाशी प्रामाणिक, ऑनेस्ट विथ. हे शेवटचे तीन मला कुठल्याच नियमात नीट बसवता आलेले नाहीत, म्हणून मी ते एका वाक्यात बांधून देते, एका शिक्षिकेबद्दल: 'शी इज स्ट्रिक्ट विथ अस, बट पेशंट विथ अस, अँड ऑनेस्ट विथ अस'. हे वाक्य मोठ्याने म्हणून पाठ होतं, नियम पाठ होत नाही.

'वर'चा ढीग मला सगळ्यात आवडतो कारण इथे प्रिपोझिशन न लावणं शिकायचं असतं. सरळ जाणारे आधी. कशावर अवलंबून, डिपेंड ऑन. कशावर आधारित, बेस्ड ऑन. कपड्यांवर खर्च, स्पेंड ऑन. अभ्यासावर लक्ष, कॉन्सन्ट्रेट ऑन. मस्त. आता ही वाक्यं बघा: शत्रूवर हल्ला केला, सरकारवर टीका केली, तिच्यावर प्रेम करतो, त्याच्यावर विश्वास ठेवतो, प्लास्टिकवर बंदी घातली, तब्येतीवर परिणाम करतं, या मुद्द्यावर जोर दिला. मराठीत सगळीकडे 'वर' आहे आणि इंग्रजीत एकालाही काहीच लागत नाही. अटॅक द एनिमी, क्रिटिसाइज द गव्हर्नमेंट, लव्ह हर, ट्रस्ट हिम, बॅन प्लास्टिक, अफेक्ट हेल्थ, एम्फसाइज धिस पॉइंट. का, तर मराठीत ही क्रियापदं दोन तुकड्यांची आहेत, नाम अधिक करणे, घालणे, ठेवणे, देणे. 'हल्ला' हे नाम आहे म्हणून त्याला 'वर' लागतो. इंग्रजीत अख्खं काम एकाच क्रियापदाने होतं आणि त्याला कर्म थेट लागतं.

आणि पुरावा बघायचा असेल तर इंग्रजीत त्याच शब्दाचं नाम करा, लगेच प्रिपोझिशन परत येतं. अटॅक ऑन, बॅन ऑन, एम्फसिस ऑन, इफेक्ट ऑन. म्हणजे चूक होते ती नामाचं प्रिपोझिशन क्रियापदाला चिकटवल्यामुळे. 'डिस्कस अबाउट' ही पुण्यातल्या ऑफिसांत सगळ्यात जास्त लिहिली जाणारी चूक अगदी अशीच झालीय, 'डिस्कशन अबाउट' बरोबर आहे म्हणून 'डिस्कस अबाउट' पण बरोबर वाटतं, शिवाय मराठीत 'त्याबद्दल चर्चा करणे' आहेच. नुसतं 'डिस्कस द इश्यू'. याच गटात बाकीच्या शेवटांचे पण टाका: क्लायंटशी संपर्क साधला, कॉन्टॅक्टेड द क्लायंट, तिच्याशी लग्न केलं, मॅरिड हर, खोलीत प्रवेश केला, एंटर्ड द रूम, वाढीची मागणी केली, डिमांडेड अ रेज. वहीत या पानाला मी शून्य असं नाव देते. लग्नाचं जरा नीट बघा, लग्न 'झालंय' ही गाठ, तिथे मॅरिड टू, आणि लग्न 'केलं' ही क्रिया, तिथे शून्य.

नियम मात्र एका बाजूनेच चालतो. 'करणे' दिसलं म्हणून डोळे झाकून शून्य लावू नका, कारण खर्च करणे आणि लक्ष केंद्रित करणे यांत पण 'करणे' आहे आणि तिथे 'ऑन' लागतंच. करणे दिसलं की फक्त थांबायचं आणि डिक्शनरीत एकदा बघायचं, एवढाच त्याचा उपयोग.

'वर'मधे राग आणि ओरडण्याचा एक फसवा कोपरा राहिला. माझ्यावर रागावला म्हणून 'अँग्री ऑन मी' हे इथे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. माणसावर राग असेल तर अँग्री विथ, गोष्टीबद्दल असेल तर अँग्री अबाउट. ओरडणं, हसणं, रोखून बघणं हे मात्र बाणासारखं समोरच्यावर जाऊन लागतं, म्हणून शाउट ॲट, लाफ ॲट, स्टेअर ॲट.

'त'चा ढीग लहान आहे, पटकन उरकते. रस असणं, यश मिळणं, भाग घेणं, पैसे गुंतवणं, सगळे 'इन', सरळ. फसवतं फक्त कौशल्य. गणितात हुशार, गुड ॲट. बॅड, क्लेव्हर, ब्रिलियंट, टेरिबल, कुणी एखाद्या कामात किती चांगला किंवा वाईट हे सांगणारे बहुतेक शब्द 'ॲट' घेतात, आणि पुढे काम आलं तर 'इंग': गुड ॲट कुकिंग. 'गुड'ला मात्र स्वतःची अशी चार दारं आहेत आणि प्रत्येक दारातून वेगळा अर्थ निघतो. गुड ॲट मॅथ्स म्हणजे हुशार. गुड फॉर हेल्थ म्हणजे तब्येतीला चांगलं. गुड विथ चिल्ड्रन म्हणजे मुलांना छान सांभाळतो. गुड टू मी म्हणजे माझ्याशी चांगला वागला. शेवटचं दार वर सांगितलेल्या वागणुकीच्या 'टू'चंच आहे, बघा. ही चार दारं एकाच दिवशी शिकू नका, का ते आता सांगते.

ग्रुप करण्यात एक धोका असतो आणि तो बरेच लोक सांगत नाहीत. १९९३ मधे टिंकम नावाच्या संशोधकाने काही प्रयोग केले, त्यात लोकांना बनावट शब्द शिकायला दिले, काहींचे अर्थ एकाच प्रकारचे, काहींचे एकमेकांशी संबंध नसलेले. एकाच प्रकारच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकताना लोक जास्त गोंधळले. १९९७ मधे वेरिंगने जपानी बोलणाऱ्यांवर तसाच प्रयोग केला आणि तेच निघालं. मग ग्रुप करायचेच नाहीत का? आपल्या बाबतीत शब्द नवे नाहीयेत, अफ्रेड, प्राउड तुम्हाला आधीच माहितीय, नवं फक्त प्रिपोझिशन आहे आणि गटात ते सगळ्यांचं एकच आहे, त्यामुळे एका गटाचे शब्द एकत्र शिकायला माझ्या अनुभवात काही त्रास होत नाही. त्रास होतो तो एकाच शब्दाची दोन रूपं शेजारी ठेवली की, अँग्री विथ आणि अँग्री अबाउट, शाउट ॲट आणि शाउट टू, गुडची चार दारं. दुसऱ्या दिवशी मूल म्हणतं, दोन्ही आठवतायत पण कुठलं कधी ते आठवत नाहीये. म्हणून एक रूप पक्कं झाल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही, मधे निदान आठवडा जाऊ द्या.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते एका मेलवर दाखवते. खराडीला एका कंपनीत सपोर्टला असलेली एक मुलगी तिने लिहिलेला मेल घेऊन आली होती. त्यात ही वाक्यं होती: 'आय ॲम रिस्पॉन्सिबल ऑफ बिलिंग. वुई डिस्कस्ड अबाउट द एरर येस्टरडे. इट इज रिलेटेड विथ पेमेंट्स. माय मॅनेजर इज वरीड ऑफ द डिले. अवर टीम इज नॉट हॅबिच्युएटेड ऑफ द न्यू टूल. वुई डिपेंड ऑन युअर रिप्लाय.' मी तिला दुरुस्त्या सांगितल्या नाहीत, आधी प्रत्येक वाक्याखाली ते मराठीत लिहायला लावलं, शेवट ठळक करून. बिलिंगची जबाबदारी. एररबद्दल चर्चा केली. पेमेंटशी संबंधित. उशिराची काळजी. टूलची सवय. उत्तरावर अवलंबून. तिलाच दिसलं की तिचे सहा वेगळे प्रश्न नाहीयेत. 'ची'चे तीन फसवे, प्रत्येक गटातला एक, 'शी'चा एक, आणि शून्याचा एक. सहावं वाक्य बरोबर होतं कारण तिथे मराठी आणि इंग्रजी एकाच रस्त्याने जातात. म्हणजे शिकायचं एवढंच होतं: रिस्पॉन्सिबल फॉर, वरीड अबाउट, यूज्ड टू, रिलेटेड टू, आणि डिस्कसला काही नाही. पाच गोष्टी.

तुम्ही पण हेच करा. तुमचे गेल्या महिन्यातले मेल, मेसेज काढा, किंवा पाच मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यातल्या चुका या ढिगांत टाका. लिस्टमधले सगळे शब्द तुम्हाला लागत नाहीत, तुम्ही वापरता तेच लागतात. अप्पा बळवंत चौकातून एक साधी वही आणा, प्रत्येक ढिगाला समोरासमोरची दोन पानं द्या, डावीकडे सरळ जाणारे नुसते लिहून सोडा, उजवीकडे फसवणारे. फसवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली तीन ओळी, एक तुमच्या खऱ्या आयुष्यातलं वाक्य, एक 'इंग'वालं, एक प्रश्न. उदाहरणार्थ: 'आय ॲम वरीड अबाउट माय फादर्स हेल्थ. आय ॲम वरीड अबाउट लूझिंग धिस क्लायंट. व्हॉट आर यू वरीड अबाउट?' चुकीचं वाक्य वहीत लिहून त्यावर फुली मारू नका, डोळ्याला ते पण दिसतं आणि डोकं ते पण साठवतं. एका बैठकीला पाच-सहा शब्दांच्या वर जाऊ नका. उजळणी करताना इंग्रजी झाका आणि मराठी वाक्यावरून बोला, दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. वाचून 'हो, माहितीय' म्हणणं म्हणजे उजळणी नाही. आणि जोडी एका दमात म्हणा, 'अफ्रेड' म्हणून थांबून मग 'ऑफ' नको. इंग्रजी बोलणारे ते 'अफ्रेडव' असंच जोडून म्हणतात, 'ऑफ' जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि आपण ते ऐकून शिकलो नाही त्याचं एक कारण हे पण आहे.

ती तिसरी ओळ, प्रश्नाची, ती कंटाळा आला म्हणून गाळू नका, कारण जोडी पक्की झाली की नाही ते तिथेच कळतं. मराठीत 'तू कशाला घाबरतोस' म्हणताना शेवट 'कशा'ला चिकटून पुढे येतो, शब्दाबरोबर प्रवास करतो. इंग्रजीत 'व्हॉट' पुढे जातं आणि प्रिपोझिशन एकटं मागे राहतं, 'व्हॉट आर यू अफ्रेड ऑफ?' आपण ते मागे राहिलेलं विसरतो आणि 'व्हॉट आर यू अफ्रेड?' म्हणून मोकळे होतो. 'हू इज शी मॅरिड टू?', 'व्हॉट आर यू गुड ॲट?', 'द जॉब आय अप्लाइड फॉर'. साध्या वाक्यात 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' बरोबर येणाऱ्या निम्म्या मुलांचं प्रश्नात 'ऑफ' गळतं. याचा अर्थ त्यांचं 'ऑफ' अजून 'डॉग्ज'ला चिकटलेलं असतं, 'अफ्रेड'ला नाही. घरी कुणाला तरी मराठीत प्रश्न विचारायला सांगा आणि तुम्ही तो इंग्रजीत करा, दोन मिनिटांत कळेल कुठल्या जोड्या कच्च्या आहेत.

शब्दाचं रूप बदललं की प्रिपोझिशन तेच राहील हे पण गृहीत धरू नका. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फॉन्ड ऑफ, पण फॉन्डनेस फॉर. नामांचं पान वेगळं ठेवा आणि ते नंतर घ्या, आधी विशेषणं आणि क्रियापदं होऊ द्या.

अडलं तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथे शब्द टाकला की उदाहरणांच्या आधी किंवा उदाहरणांतच कुठलं प्रिपोझिशन लागतं ते बहुतेक वेळा ठळक अक्षरात दिलेलं असतं. साध्या गुगल सर्चवर जाऊ नका, तिथे 'डिस्कस अबाउट' पण ढिगाने सापडतं आणि माणसाला वाटतं चालत असेल. काही ठिकाणी खरंच दोन-तीन उत्तरं असतात, जसं डिफरंटला ब्रिटिश लोक 'टू' लावतात, अमेरिकन 'दॅन' लावतात, आणि 'फ्रॉम' दोन्हीकडे चालतं, तेव्हा तुम्ही 'फ्रॉम' घ्या आणि पुढे चला. 'ची'च्या पानापासून सुरू करा, 'शी' दुसऱ्या आठवड्यात घ्या, आणि शून्याचं पान सगळ्यात शेवटी, कारण त्याला बाकीचे ढीग आधी ओळखता यावे लागतात.